आधी आपणच लिंक पाठवणे थांबवू

महिन्याची सात तारीख होती. लालबागच्या आमच्या शाखेत पहिले दहा दिवस पेन्शनरांची गर्दी असते. पासबुक भरून घ्यायला, मुदत ठेवीचे व्याज जमा झाले का ते विचारायला आणि बऱ्याचदा नुसते बोलायलाही लोक येतात. मी या सहकारी बँकेत पासिंगच्या टेबलावर बसतो. काउंटरवरच्या लिपिकाने नोंद केली की ती तपासून मंजूर करायची, हे माझे काम. दीडच्या सुमारास रांग ओसरली. कॅशियर काकांनी डबा बाहेर काढला आणि तो उघडण्याआधी मोबाइल हातात घेतला.

"नो पार्किंगचं चलन आलंय. पाचशे रुपये," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "आज भरलं नाही तर कोर्टात जाणार म्हणे." पाठोपाठ त्यांनी पाकिटातून डेबिट कार्ड काढून टेबलावर ठेवले.

पासबुकाच्या काउंटरवरची मुलगी दोन वर्षांपूर्वी लागलेली. ती तिथूनच म्हणाली, "काका, थांबा. दाबू नका. आधी मला दाखवा."

"अगं, गाडीचा नंबर माझाच आहे. आणि परवा दादरला मंडईजवळ लावली होती गाडी, ते खरंच आहे."

"नंबर तुमचा आहे हो. लिंक कोणाची आहे ते बघू."

काकांची नोकरी सत्तावीस वर्षांची. हातात घेतलेली नोट खोटी असेल तर त्यांची बोटे आधी थांबतात आणि डोळे मागून बघतात, असा माणूस. पाचशे रुपये वाचवायचा लोभ त्यांना नव्हता. ते सरकारचा दंड वेळेवर भरायला निघाले होते. खोट्या लिंकला बळी पडतो तो लोभी किंवा अडाणी असतो, हा समज आपण लवकर सोडून दिला पाहिजे. या सापळ्याला प्रामाणिक आणि घाबरट माणूस जास्त लवकर सापडतो.

मुलीने मोबाइल हातात घेतला आणि पहिल्यांदा पाठवणारा पाहिला. मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर, साध्या दहा आकडी नंबरवरून आला होता. बँक किंवा सरकारी खाते एसएमएस पाठवते तेव्हा पाठवणाऱ्याच्या जागी नंबर दिसत नाही, नोंदणी केलेले इंग्रजी अक्षरांचे नाव दिसते. २०२५ पासून त्या नावाच्या शेवटी एक अक्षरही लागते. व्यवहाराच्या मेसेजला `T`, सेवेच्या मेसेजला `S`, जाहिरातीला `P` आणि सरकारी मेसेजला `G`. व्हॉट्सअ‍ॅपवर यातले काहीच नाही. तिथे कोणीही आपल्या फोटोच्या जागी राजमुद्रा लावू शकतो.

मग तिने लिंक वाचली. खरा पत्ता इथे देत नाही, शेवटचा भाग बदलून त्याची घडण तेवढी दाखवतो:

```
https://echallan.parivahan.gov.in.dand-bhara.example/pay
```

काकांनी `gov.in` पाहिले होते आणि त्यांना ते पुरेसे वाटले होते. तिने काय केले, तर `https://` च्या पुढे पहिली तिरपी रेघ कुठे आहे ते शोधले आणि तिथून उलटे, उजवीकडून डावीकडे वाचायला सुरुवात केली. त्या रेघेला लागून जे शेवटचे नाव येते, तोच मालक. इथे मालक `dand-bhara.example` होता. ज्याने ते नाव विकत घेतले, त्याला त्याच्या डावीकडे काहीही लिहायची मुभा असते. तो तिथे परिवहन लिहील, रिझर्व्ह बँक लिहील, नाही तर तुमच्या गावाचे नाव लिहील, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. `gov.in` हे नाव मात्र सरकारी खात्यांनाच मिळते, पण ते पहिल्या तिरप्या रेघेला लागून असेल तरच त्याला अर्थ. मधे कुठे तरी आले असेल तर ती नुसती अक्षरे.

लिंकखाली छोटे चित्र होते, ट्रॅफिक पोलिसांचे आणि मोठ्या अक्षरात ‘ई-चलन’. हे चित्र व्हॉट्सअ‍ॅप त्या पानावरूनच उचलते. म्हणजे ते कसे दिसावे हे पानाचा मालक ठरवतो. पत्त्याच्या सुरुवातीला असलेल्या `https` चेही तसेच. तुमचा मोबाइल आणि ते पान यांच्यामधले बोलणे तिसऱ्याला ऐकू जाणार नाही, एवढीच हमी त्यात असते. समोरचा चोर असेल तर चोराशी तुमचे बोलणे गुप्त राहते.

राहिला गाडीचा नंबर. तो तर गाडीच्या मागेपुढे रंगवलेलाच असतो. शिवाय तो सोसायटीच्या वहीत, पार्किंगच्या पावतीवर, विम्याच्या अर्जात तुमच्या फोन नंबरासकट लिहिलेला असतो. नंबर बरोबर आहे याचा अर्थ मेसेज खरा आहे, असा होत नाही.

शेवटी तिने काकांना स्वतःच्या हाताने महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळाचा पत्ता, `mahatrafficechallan.gov.in`, टाइप करायला लावला. तिथे गाडी क्रमांक आणि चेसिस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे घातले की थकलेली चलने दिसतात. दादरच्या त्या दिवसाचे चलन नव्हतेच. दीड वर्षापूर्वीचे एक निघाले, ते काकांनी लगेच भरले. सगळे मिळून दहा मिनिटे गेली असतील. डबा गार झाला.

काकांनी ती लिंक दाबली असती तर पुढे काय झाले असते, हे मला नीट ठाऊक आहे. आदल्याच महिन्यात आमच्या एका खातेदार आजींच्या बाबतीत ते घडले होते आणि त्यांच्याबरोबर बसून मी सगळे क्रमाने लिहून घेतले होते. पानावर ५०० रुपये दंड दिसला. कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे त्यांनी भरले. पाठोपाठ ओटीपी आला आणि तोही त्यांनी त्याच पानावर घातला. ‘व्यवहार अयशस्वी, पुन्हा प्रयत्न करा’ असे पानावर आले. त्यांनी पुन्हा सगळे भरले, पुन्हा ओटीपी घातला. दोनदा मिळून ४८,७०० रुपये गेले.

त्या पानामागे कोणीतरी बसलेले असते. आजी इकडे कार्डाची माहिती भरतात त्याच क्षणी तो तिकडे खऱ्या दुकानात, खऱ्या खरेदीसाठी ती वापरतो. बँक ओटीपी पाठवते ती त्या खरेदीसाठी. आणि मला आजही हळहळ वाटते ती या गोष्टीची की, बँकेच्या त्या मेसेजमध्ये खरी रक्कम लिहिलेली होती, दुकानाचे नावही होते. आजींनी फक्त सहा आकडे पाहिले. ओटीपीचा मेसेज हा त्या व्यवहारातला एकच खरा कागद असतो, पण आम्ही लोकांना तो वाचायला कधी शिकवलेच नाही. ‘ओटीपी कोणाला सांगू नका’ हे सांगितले. आजींनी तो कोणाला सांगितला नव्हता. दंड भरायच्या पानावर लिहिला होता.

आजी दुसऱ्या दिवशी शाखेत आल्या. आम्ही तिथूनच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावला आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवली. हा क्रमांक लगेच फिरवला तर उपयोग होतो, कारण पैसे ज्या खात्यात पोचले तिथे ते अडवून ठेवता येतात. एक रात्र गेली की ते आणखी खात्यांत वाटले जातात किंवा मालाच्या रूपाने निघून जातात. आजींचे गेलेच.

आता भरपाईचे. ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांत तोटा कोणी सोसायचा, याची चौकट रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिली आणि त्याच वर्षी डिसेंबरात ती सहकारी बँकांनाही लावली. चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा प्रकारात ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर त्याला काही सोसावे लागत नाही. पण तोटा ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झाला असेल, म्हणजे त्याने व्यवहाराची गुप्त माहिती दुसऱ्याला दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचा सगळा तोटा त्याचा. आजींनी ओटीपी घातला होता. फाइलवर ‘ग्राहकाचा निष्काळजीपणा’ असा शेरा आला. तो शेरा लिहिताना नियमाप्रमाणे माझे काही चुकले नाही, आणि तरीही तो मला पटलेला नाही. का पटलेला नाही, ते त्या सात तारखेला काकांच्या एका प्रश्नाने मला उमगले.

चलनाचे प्रकरण मिटल्यावर काका डबा खाताखाता म्हणाले, "बाळा, ती लिंक खोटी, पटलं. पण गेल्या आठवड्यात आपल्याच बँकेने माझ्या मुलाला कर्जाच्या हप्त्याची लिंक पाठवली. ती तरी खरी कशावरून?"

त्यांनी मुलाकडून तो मेसेज मागवला. एसएमएस होता, वर आमच्या बँकेचे नोंदणीकृत नाव होते. मजकूर असा की, आपला हप्ता थकला आहे, आज भरा, नाहीतर दंडव्याज लागेल. खाली एक आखूड लिंक. चार अक्षरांचे कुठले तरी नाव, तिरपी रेघ आणि पुढे सात अक्षरे, काही मोठी काही लहान. मुलीने ती तिच्या रीतीने उजवीकडून डावीकडे वाचून पाहिली. काहीच हाती लागेना. बँकेचे नाव त्यात नव्हतेच. मी मुख्य कार्यालयात फोन करून विचारले तेव्हा कळले की लिंक खरी आहे, मेसेज पाठवण्याचे कंत्राट ज्यांना दिले आहे त्यांची ती आहे.

लिंक खरी होती. पण ती खरी आहे हे आम्हा तिघांना बँकेत बसून, मेसेज वाचून सांगता येत नव्हते. आणि ज्या आजींच्या फाइलवर मी निष्काळजीपणाचा शेरा मारला, त्यांच्याकडून आम्ही हीच पारख घरी एकटीने बसून करण्याची अपेक्षा केली होती.

दोन्ही मेसेज शेजारी शेजारी ठेवले तर त्यांची ठेवण एकच आहे. रक्कम लहान, मुदत आजची, न भरल्यास भीती, आणि खाली बोट ठेवायला निळी ओळ. चोराने ही ठेवण स्वतः शोधलेली नाही. ती त्याने आमच्याकडून घेतली. वर्षानुवर्षे आम्ही ग्राहकाला शिकवत आलो की बँकेचा मेसेज आला, खाली लिंक असली, की तिच्यावर बोट ठेवायचे आणि पैसे भरायचे. ते शिकवून झाल्यावर आम्ही शाखेत फलक लावतो, ‘अनोळखी लिंकवर क्लिक करू नका’. ओळखीची लिंक म्हणजे कोणती, हे त्या फलकावर नसते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की बँकांनी ग्राहकाला पाठवायच्या मेसेजमधून पैसे भरण्याची आणि लॉगिन करण्याची लिंक पूर्णपणे काढून टाकावी, आणि रिझर्व्ह बँकेने तसा नियमच करावा. मेसेजमध्ये रक्कम लिहा, तारीख लिहा आणि पुढे एवढेच लिहा की आमचे अ‍ॅप उघडा किंवा शाखेत या. सिंगापूरने हे केलेले आहे. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या एका मोठ्या बँकेच्या शेकडो ग्राहकांना बँकेच्या नावाने आलेल्या खोट्या एसएमएसमधल्या लिंकवरून लुटले गेले. १९ जानेवारी २०२२ रोजी तिथल्या मध्यवर्ती बँकेने आणि बँकांच्या संघटनेने जाहीर केले की सामान्य ग्राहकांना जाणाऱ्या ईमेल आणि एसएमएसमधून दाबता येणाऱ्या लिंक काढल्या जातील, आणि त्यासाठी बँकांना दोन आठवड्यांची मुदत दिली.

आपल्याकडे काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी `.bank.in` हे राखीव नाव आणले आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्यांना तिकडे जायला सांगितले. हे नाव कोणालाही दुकानातल्यासारखे विकत मिळत नाही, ते देण्याचे काम एकाच संस्थेकडे आहे. चांगला निर्णय आहे, आणि त्या मुलीच्या वाचण्याच्या रीतीला त्यामुळे बळ आले. तिरप्या रेघेला लागून `bank.in` दिसले की बँक. पण ते दिसायला तर हवे. आम्ही मुदतीत नवा पत्ता घेतला, आणि मेसेजमध्ये तोच पत्ता एका आखूड लिंकमागे झाकून पाठवतो. नव्या दारावर नाव कोरायचे आणि वर पोते टाकायचे, तसे हे झाले.

आखूड लिंक वापरण्यामागे कारणे आहेत, ती मी समजू शकतो. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात, मराठीत लिहिला तर ७०. त्याहून लांबला की एकाच मेसेजचे दोन किंवा तीन धरले जातात आणि तेवढे पैसे लागतात. लांब पत्ता परवडत नाही. शिवाय आखूड लिंकमुळे कोणी, कधी दाबले ते मोजता येते आणि वसुली खात्याला ते आकडे हवे असतात. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायने ऑक्टोबर २०२४ पासून एसएमएसमधल्या लिंक आधी नोंदवून घ्यायला लावल्या, नोंद नसलेली लिंक पुढे जात नाही. त्याने एसएमएसवर अटकाव बसला, पण तो नोंदणी पाहणाऱ्या यंत्रणेच्या उपयोगाचा. वाचणाऱ्याला पडद्यावर दिसतात ती तीच सात अक्षरे. आणि व्हॉट्सअ‍ॅपला हा नियम लागूच नाही.

वसुली खात्यातले माझे मित्र यावर म्हणतात की लिंक काढली तर हप्ते उशिरा येतील. खरे आहे, काही येतील. वडापावची गाडी लावणारा कर्जदार रात्री अकरा वाजता मेसेज पाहतो आणि तिथल्या तिथे भरून मोकळा होतो, त्याची सोय जाईल. पण हप्ता दरमहा ठरलेला असतो. त्यासाठी खात्यातून आपोआप वळता करण्याची सूचना देता येते, आणि ज्याला स्वतःच भरायचे आहे तो आमचे अ‍ॅप उघडून भरू शकतो. दोन पावले जास्त चालावी लागतील. त्या दोन पावलांची किंमत बँकेच्या वसुलीत पडेल, तर आज लिंकच्या सोयीची किंमत आजींच्या खात्यात पडते आहे. ही किंमत कोणी सोसावी याचा निवाडा करायचा तर माझे मत बँकेने सोसावी असे आहे, कारण सवय तिने लावली.

चोर लिंक पाठवायचे थांबणार नाहीत, हा दुसरा आक्षेप. नाहीच थांबणार. नुसत्या एपीके फाइली, म्हणजे मोबाइलवर चोराचे अ‍ॅप बसवणाऱ्या फाइली, पाठवणारे राहतील, फोन करून घाबरवणारे राहतील, त्यांच्यावर या नियमाचा काही परिणाम नाही. पण बँकेच्या नावाने आलेली प्रत्येक लिंक खोटीच, असे एकदा झाले की ७५ वर्षांच्या माणसाला एका वाक्यात शिकवता येते. आज त्याला पत्ता उलटा वाचायला, तिरपी रेघ शोधायला, नावाच्या शेवटचे अक्षर बघायला शिकवावे लागते. ते त्या मुलीला जमते, मला आता जमते. सगळ्यांना जमावे ही अपेक्षा धरून पैशाचा व्यवहार उभा करू नये.

हे बँकांपुरते थांबूही नये. काकांना आलेली लिंक दंडाच्या नावाने होती, उद्या वीजबिलाच्या किंवा गॅसबिलाच्या नावाने येईल. जे कोणी लोकांकडून पैसे घेतात त्या सगळ्यांनी मेसेजमधली लिंक बंद केली पाहिजे, पण सुरुवात बँकांनी करावी, कारण पैसे शेवटी आमच्याच खात्यातून जातात.

आणखी एक गोष्ट मला सतत जाणवते. शाखेत लिपिकाने एक चेक जरी नोंदवला तरी तो दुसऱ्याने मंजूर केल्याशिवाय पुढे सरकत नाही. करणारा एक, तपासणारा दुसरा, हा आमच्या धंद्याचा पाया. लिपिक अप्रामाणिक असतो म्हणून हे केलेले नाही, घाईत आणि थकव्यात चांगल्या माणसाचेही चुकते म्हणून केलेले आहे. मोबाइलवर मात्र पन्नास हजार रुपये एका माणसाच्या एका बोटावर जातात आणि तपासणारा कोणी नसतो. काकांचे वाचले ते त्यांना काही विशेष माहिती होती म्हणून नाही. शेजारी कोणीतरी होते, ती ‘थांबा’ म्हणाली, आणि सत्तावीस वर्षांच्या नोकरीचा मान मध्ये न आणता त्यांनी मोबाइल तिच्या हातात दिला. आजी घरी एकट्या होत्या.

म्हणून भरपाईच्या नियमातही बदल हवा. ज्या बँकेने स्वतः ग्राहकांना लिंक पाठवून पैसे भरायला सांगितले आहे, तिला लिंक दाबणे हा ग्राहकाचा निष्काळजीपणा म्हणून पुढे करता येऊ नये. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या २०१७ च्या चौकटीतही बँकेवरच टाकलेली आहे. तपासणीत पहिला प्रश्न हा असावा की, या ग्राहकाला मागच्या वर्षभरात बँकेने किती लिंक पाठवल्या? आमच्या आजींच्या बाबतीत हा प्रश्न कोणी विचारला नाही. मीही विचारला नाही.

मी हे सगळे मुख्य कार्यालयाला लिहून पाठवले आहे. उत्तर आले की मेसेजच्या कंत्राटाचे नूतनीकरण होईल तेव्हा विचार करू.

त्या सात तारखेला संध्याकाळी दिवसाचा हिशोब जुळवून झाल्यावर मुलीने एका जाड कागदावर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिले, ‘आपली बँक मेसेजमध्ये कधीही लिंक पाठवत नाही. लिंक आली तर ती खोटी समजा आणि आम्हाला विचारा.’ पासबुक छापायच्या मशीनच्या वर, पेन्शनरांच्या नजरेसमोर लावायचा तिचा विचार होता. शाखाधिकाऱ्यांनी तो वाचला आणि परत तिच्या हातात दिला. ते म्हणाले, "अक्षर छान आहे. पण हे लावता येणार नाही. हे खरं नाही ना."

कागद तिच्या खणात आहे.